गिरणी बंद कोण करतं, ते लिहा

वाचकाचं पत्र

*नमस्कार. मी मिरजेचा. आजवर एकांकिका लिहिल्या, आता पहिल्यांदाच लघुपटाची पटकथा लिहितोय. दिग्दर्शन करणाऱ्या मित्राने एक सीन परत पाठवला. म्हणाला, ‘यातलं निम्मं मला शूट करता येणार नाही, आणि फॉरमॅटही चुकलाय.’ सीन असा:*

*‘सीन ४. संध्याकाळी साडेसहाची वेळ. वसंतरावांची गिरणी. वसंतराव दळत आहेत. बायको गेल्यापासून त्यांनी मंजिरीला एकट्याने वाढवलं आहे. लहानपणापासून ती या गिरणीतच वाढली. मंजिरी आत येते. तिला बेंगळुरूला नोकरी लागली आहे, पण वडिलांना कसं सांगावं हे तिला कळत नाही. अखेर ती सांगते. ते ऐकून बाबा आतून कोसळतात, पण चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. कॅमेरा हळूहळू त्यांच्या डोळ्यांवर जातो.*

*वसंतराव (दुःख लपवत): छान झालं. कधी निघायचंय?*

*मंजिरी (अपराधी भावनेने): सोमवारी, बाबा.’*

*फॉरमॅट नेमका कसा असतो? मनातलं लिहायचंच नाही, तर ते प्रेक्षकाला कळणार कसं? आणि मराठीत लिहायला कोणतं सॉफ्टवेअर वापरू?*

उत्तर

नमस्कार.

तुमच्या सीनमधलं एकेक वाक्य सुटं करा आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा. कॅमेरामनने यातलं काय टिपायचं? साउंडवाल्याला यात काय ऐकू येणार? ‘वसंतराव दळत आहेत’ हे वाक्य पास होतं. ते दिसतंही आणि ऐकूही येतं. ‘मंजिरी आत येते’ हेही चालेल. पण ‘बायको गेल्यापासून त्यांनी मंजिरीला एकट्याने वाढवलं आहे’ हे वाचून कॅमेरा कुठे लावायचा? ‘लहानपणापासून ती या गिरणीतच वाढली’, ‘कसं सांगावं हे तिला कळत नाही’, ‘आतून कोसळतात’ या सगळ्यांचं तेच. ही वाक्यं कागदावर वाचणाऱ्याला कळतात, पडद्यावर बघणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. तुमच्या मित्राची अडचण हीच आहे.

एकांकिकेत हे खपून जातं, कारण तिथे संहिता हातात घेऊन सगळे एकत्र तालमी करतात. कंसातली सूचना नट आणि दिग्दर्शक बोलून, करून बघून सोडवतात. पटकथेचं तसं नाही. सेटवर ती तुकड्यातुकड्यांत वाचली जाते. कलादिग्दर्शक त्यातल्या वस्तू शोधतो, वेशभूषेवाली कपडे शोधते, असिस्टंट डायरेक्टर जागा आणि वेळ बघून सीन वेगळे काढतो, आणि सीन ४ कदाचित सीन १२ नंतर शूट होतो. यांतल्या प्रत्येकाला आपापलं काम चटकन सापडावं म्हणून फॉरमॅट असतो. हे लक्षात ठेवलंत की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात.

सुरुवात शीर्षकाच्या ओळीपासून करू. तिच्यात तीनच गोष्टी असतात: आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. इंग्रजी पटकथेतलं इंट. आणि एक्स्ट. मराठी युनिटमध्येही सर्रास चालतं. कुणी अंतर्गत आणि बाह्य असं लिहितात. काहीही घ्या, पण पूर्ण पटकथेत एकच घ्या. जागेच्या नावाचंही तसंच. या सीनमध्ये ‘वसंतरावांची गिरणी’, पुढे कुठे ‘पिठाची गिरणी’, आणखी पुढे नुसतं ‘गिरणी’ असं लिहिलंत, तर लोकेशनची यादी काढताना सॉफ्टवेअर तीन वेगळ्या जागा दाखवतं. माणसाने यादी काढली तरी त्याला तुम्हाला फोन करून विचारावं लागतं. एकदा ठरलेलं नाव अक्षरशः तसंच्या तसं ठेवा.

आता ‘संध्याकाळी साडेसहा’. साडेसहा वाजलेत हे प्रेक्षकाला कशावरून कळणार? गिरणीत घड्याळ असेल आणि गोष्टीत त्या वेळेला काम असेल, तर घड्याळ खाली वर्णनात लिहा. नाहीतर वेळ शीर्षकातून काढून टाका. शिवाय ‘संध्याकाळ’ हा शब्द जपून वापरा. सूर्य मावळतानाचा उजेड फार थोडा वेळ टिकतो. शीर्षकात ‘संध्याकाळ’ दिसलं की सगळं युनिट त्या उजेडाच्या मागे धावतं, आणि दाराबाहेरचा रस्ता दिसत असेल तर पंचाईत आणखी वाढते. तुमच्या गोष्टीला तिन्हीसांजेची गरज मला दिसली नाही. ‘दिवस’ लिहा, म्हणजे मित्राला सकाळी अकरालाही शूट करता येईल.

हा झाला सोपा भाग. खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या गिरणीतच आहे. तुम्ही गिरणी निवडलीत आणि तिचा काहीच उपयोग केला नाहीत. हाच सीन स्वयंपाकघरात किंवा एसटी स्टँडवर घडवला तरी यातला एक शब्द बदलावा लागणार नाही. जागा बदलूनही सीन जसाच्या तसा राहत असेल, तर त्यात दाखवण्यासारखं अजून काही आलेलंच नाही, असं खुशाल समजा.

गिरणीत काय असतं ते आठवा. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. गिरणी चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. म्हणजे ज्याला ऐकायचं नाही त्याला तिथे आयती सोय आहे. दुसरी गोष्ट स्टार्टर: हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. आवाज कुणाच्या हातात आहे हे त्या दोन बटणांवरून ठरतं. तिसरी गोष्ट, लाल बटण उगाच दाबायचं नसतं. हॉपरमधून दाणे दगडांत पडत असताना गिरणी बंद केली, तर दाणे दगडांमध्ये अडकून राहतात आणि पुन्हा चालू करताना मोटरवर ताण येतो. म्हणून जाणता माणूस आधी हॉपरखालची झडप सरकवून दाणे थांबवतो, आतले दळून होऊ देतो आणि मग बटण दाबतो. चौथी गोष्ट धान्याचा क्रम. एकच गिरणी असली तर गव्हाच्या मागे बाजरी टाकताना गिरणीवाला काळजी घेतो, नाहीतर एकाच्या पिठात दुसऱ्याचं पीठ येतं. डब्यावरची चिठ्ठी त्याकरताच असते.

या चार गोष्टी हाताशी घेऊन तुमची न दिसणारी वाक्यं पुन्हा बघा.

‘लहानपणापासून ती या गिरणीतच वाढली.’ मंजिरीला गिरणी बंद करायला लावा, आणि बटणाला हात घालण्याआधी तिला झडप सरकवू द्या. पाहुणी मुलगी सरळ लाल बटण दाबेल. ही तसं करत नाही. गिरणीतलं काही ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालासुद्धा एवढं दिसतं, की हिचे हात इथे सराईत आहेत.

‘कसं सांगावं हे तिला कळत नाही.’ गिरणी चालू असतानाच तिला ओरडून सांगायला लावा. त्या आवाजात कुणी मनातली गोष्ट सांगत नाही. ती तिथे सांगायला जाते यातच तिची घाई आणि भीती दोन्ही आली.

‘आतून कोसळतात, पण चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.’ चेहऱ्यावर दाखवायचं नसेल तर हातावर दाखवा. वसंतच्या हाताला कित्येक वर्षांची सवय आहे. तो चिठ्ठी न बघता पुढचा डबा ओततो आणि गव्हावर बाजरी जाते. चुकणार नाही असा माणूस चुकला, एवढंच दाखवायचं. शिवाय ही चूक रंगात दिसते, गव्हाच्या पिठावर करडं पीठ पडतं. कॅमेरामनला याहून सोयीचं काय हवं?

राहिलं बायकोचं वाक्य. ते या सीनमधून काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो दाखवायचा मोह होईल, तो आवरा. आई नाही हे कळणं पुढे गोष्टीला लागणार असेल, तर त्यासाठी घरातला एखादा सीन आहेच. बापलेकीच्या या दोन मिनिटांत त्याची गरज नाही. नटाला माहिती असावी म्हणून लिहिलं असेल, तर पात्रांचं टिपण वेगळ्या कागदावर करा आणि ते मित्राला द्या.

आता सगळा सीन मांडून दाखवतो. छापील पानावर संवाद मधोमध अरुंद पट्टीत येतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ते डावीकडेच ठेवले आहेत.

४. इंट. वसंतची गिरणी – दिवस

गिरणी चालू. पत्र्याची भिंत थरथरते.

**वसंत** (५८) कापडी नळीतून डब्यात पडणारं गव्हाचं पीठ चिमटीत घेऊन पाहतो. त्याच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस पिठाने पांढरे. हॉपरमधले गहू तळाला आलेत.

भिंतीलगत डब्यांची रांग. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. बाकावर एक **बाई** (४५) दळणाची वाट बघत बसलीय.

**मंजिरी** (२३) मोबाइल हातात धरून दारातून आत येते. वसंतच्या पाठीमागे थांबते.

मंजिरी
(ओरडून)
बाबा, मेल आला!

वसंत वळतो. कानामागे हात धरतो.

मंजिरी
(ओरडून)
बेंगळुरूचा!

वसंत हातानेच ‘नंतर, नंतर’ करतो आणि पुन्हा पिठाकडे वळतो.

मंजिरी मोबाइल खिशात टाकते. हॉपरखालची झडप सरकवून बंद करते. दगडांचा आवाज बदलेपर्यंत थांबते. मग लाल बटण दाबते.

पट्टा मंदावतो. आवाज उतरत उतरत थांबतो.

बाहेरून सायकलची घंटा ऐकू येते.

मंजिरी
नोकरी पक्की झाली. बेंगळुरूला.

वसंत तळहात एकमेकांवर झटकतो. पीठ उडतं.

वसंत
कधीपासून?

मंजिरी
सोमवारपासून.

वसंत रांगेतला पुढचा डबा उचलतो. चिठ्ठी न बघता हॉपरमध्ये उलटा करतो. हिरवं बटण दाबतो. झडप उघडतो.

आवाज चढतो. मंजिरी काहीतरी बोलते. तिचे फक्त ओठ हलताना दिसतात.

नळीतून गव्हाच्या पिठावर करडं पीठ पडू लागतं.

बाई
(बाकावरून उठत, ओरडून)
अहो काका, गव्हावर बाजरी आली!

वसंत डब्याकडे बघत उभा.

मंजिरी पुढे होऊन झडप बंद करते. डब्याजवळ बसून वरचं करडं पीठ ओंजळीने बाजूला काढते.

दाणे संपतात. मोकळे दगड घासू लागतात. वसंत तसाच उभा.

इथे सीन संपला. आता यात काय काय केलं ते सावकाश पाहू.

‘कॅमेरा हळूहळू डोळ्यांवर जातो’ हे गेलं. कॅमेरा कुठे न्यायचा हे तुमच्या मित्राचं काम. पण लेखक शॉट सुचवत नाही असंही नाही. परिच्छेद कुठे तोडायचा हे लेखकाच्या हातात असतं. ‘नळीतून गव्हाच्या पिठावर करडं पीठ पडू लागतं’ ही ओळ वेगळी ठेवली आणि तिची सुरुवात नळीपासून केली, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डबा जवळून येतो. क्लोज-अप असं लिहावं लागलं नाही. हीच ओळ आधीच्या परिच्छेदाच्या शेपटाला जोडली असती, तर ती लांबून दिसली असती आणि बहुधा कुणाच्या लक्षातही आली नसती. एका परिच्छेदात एक बघणं, असं ठेवा. साधारण चार ओळींच्या वर परिच्छेद गेला तर समजा, त्यात दोन शॉट दडलेत.

वेळेचंही तसंच. ‘पट्टा मंदावतो. आवाज उतरत उतरत थांबतो.’ वाचायला हे दोन क्षणांचं काम, पण पडद्यावर गिरणी थांबायला बराच वेळ जाईल, आणि त्या वेळात बापलेक समोरासमोर गप्प उभे असतील. सगळ्या सीनमधला हा सर्वांत अवघड वेळ आहे. म्हणून त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला, आणि त्याच्याखाली सायकलच्या घंटेची ओळ ठेवली. शांतता आहे असं लिहिण्यापेक्षा, आता बारीकसा आवाजही ऐकू येतो असं लिहिलेलं बरं. साउंडवाल्यालाही त्यातून नेमकं काम मिळतं.

क्रियापदांकडे बघा. पटकथा वर्तमानकाळात लिहितात, पण ‘दळत आहेत’, ‘उचलत आहे’ असं लिहिलं की माणूस ते आधीपासून करतोय आणि पुढेही करत राहणार, असं होतं. ‘उचलतो’, ‘दाबतो’, ‘सरकवते’ म्हटलं की क्रिया त्या क्षणी घडते आणि पुरी होते. ‘उचलायला सुरुवात करतो’ हेही टाळा. पण ‘पडू लागतं’ मी मुद्दाम ठेवलंय, कारण तिथे रंग बदलायला सुरुवात होणं हीच घटना आहे.

आदरार्थी रूपाची मराठीत खरी अडचण होते. तुम्ही ‘वसंतराव दळत आहेत’ लिहिलंत, पुढे त्याच परिच्छेदात त्यांना ‘बाबा’ केलंत आणि ‘कोसळतात’ म्हटलंत. एकच पात्र दोन नावांनी आलं, आणि ‘उचलतात’, ‘बघतात’ अशी अनेकवचनी रूपं आली की एक माणूस करतोय की दोघं, असा घोळ होतो. वर्णनात पात्राचं एकच नाव आणि एकेरी रूप ठेवा, वय कितीही असो. त्यात अनादर नाही. मंजिरीच्या तोंडी ‘बाबा’ आहेच, बाईच्या तोंडी ‘काका’ आहे, आदर संवादात दिसतो. इंग्रजी पटकथेत पात्र पहिल्यांदा आलं की नाव मोठ्या लिपीत छापतात. देवनागरीत मोठी लिपी नाही, म्हणून मी ठळक केलं आणि शेजारी वय दिलं. एवढं त्या एका वेळेलाच करायचं. सीन ४ च्या आधी वसंत येऊन गेला असेल तर इथे ठळकही नको आणि वयही नको.

कंसातल्या सूचनांपैकी ‘दुःख लपवत’ आणि ‘अपराधी भावनेने’ दोन्ही काढल्या. नटाला भावनेचं नाव दिलं की तो ते नाव वठवायला जातो. वसंत ‘कधीपासून?’ एवढंच विचारतो आणि पुढचा डबा उचलतो. त्या एका शब्दात काय भरायचं ते नटाला स्वतःला सापडू द्या. ‘छान झालं’ हे वाक्यही त्याच कारणाने गाळलं. तो माणूस ते म्हणू शकला असता तर गव्हावर बाजरी गेली नसती. ‘ओरडून’ मात्र ठेवलं, कारण ते कामाचं आहे. शूटिंगला असे संवाद बऱ्याचदा गिरणी बंद ठेवून घेतात आणि आवाज नंतर चढवतात. सेटवर शांतता असताना नटाने ओरडायचं आहे हे कागदावर नसेल, तर तो साध्या आवाजात बोलून मोकळा होईल आणि मग तो संवाद गिरणीच्या आवाजात बसणार नाही.

एक धोका आत्ताच सांगून ठेवतो, कारण दाखवा, सांगू नका हे ऐकलं की नवा लेखक हमखास तिकडे जातो. ‘वसंतच्या मुठी आवळतात. ओठ थरथरतात. डोळ्यांच्या कडा ओलावतात.’ हे दिसतं, शूटही करता येतं, तरी ते सांगणंच आहे. या खुणा कुठल्याही दुःखी माणसाला लावता येतात, वसंतचं त्यात काही नाही. भावनेची खूण शोधू नका. त्या क्षणी त्या माणसाला काय करायचं आहे ते शोधा. वसंतला ऐकायचं नाही, म्हणून तो गिरणी चालू करतो. मंजिरीला ऐकवायचं आहे, म्हणून ती बंद करते. दोघांची ओढाताण त्या बटणांवर चालली आहे. ती नीट लिहिली की ओठ थरथरावेत की नाही हे नट बघून घेईल.

याचा अर्थ भावनेचा एकही शब्द वर्णनात येऊ नये, असा नाही. ‘मंजिरी ओशाळते’, ‘बाई वैतागून उठते’ हे चालतं. त्या क्षणी नटाला ते करता येतं आणि बघणाऱ्याला दिसतं. भूतकाळ, विचार आणि कारणं मात्र चालत नाहीत. ‘ओशाळते’ ठीक, ‘आपण बाबांना एकटं टाकतोय या विचाराने ओशाळते’ नाही.

आता पानाची मापं. इंग्रजी पटकथा कुरियर या टाइपात १२ पॉइंटमध्ये छापतात. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच मोकळे, बाकी तिन्ही बाजूंना साधारण एक इंच. वर्णन पूर्ण रुंदीत चालतं. संवाद पानाच्या डाव्या कडेपासून अडीच इंचांवर सुरू होतो आणि साडेतीन इंच रुंदीत मावतो, बोलणाऱ्याचं नाव त्याच्या वर आणखी आत येतं. कुरियरमध्ये प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं, म्हणून एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट हा ठोकताळा तिथे जमतो. देवनागरीत तो लागू पडत नाही. आपली अक्षरं कमीजास्त रुंद, वरखाली मात्रा आणि उकार असल्याने दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. फॉन्ट बदलला की पानं बदलतात. म्हणून मराठी पटकथेची लांबी पानांवरून ठरवू नका. स्टॉपवॉच लावून वाचा, संवाद मोठ्याने म्हणा आणि कृतीच्या ओळींना डोळ्यांसमोर घडायला लागेल तेवढा वेळ द्या. वरचा सीन माझ्या अंदाजाने दीड ते दोन मिनिटांचा आहे.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालण्याआधी फाउंटन वापरून बघा. ते सॉफ्टवेअर नाही, साध्या मजकुरात पटकथा लिहायची एक पद्धत आहे. मोबाइलच्या नोट्समध्येही लिहिता येतं, आणि नंतर फाउंटन वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली की मापं आपोआप बसतात. ओळ INT. किंवा EXT. ने सुरू झाली की ते शीर्षक धरलं जातं, म्हणून तेवढी अक्षरं रोमन ठेवा. बोलणाऱ्याचं नाव मोठ्या लिपीवरून ओळखलं जातं. देवनागरीत ते शक्य नाही, पण नावाआधी @ टाकलं की काम होतं. ही एक खूण माहीत नसल्याने मराठीत लिहिलेले सगळे संवाद वर्णनात जाऊन बसतात आणि लोक फाउंटन सोडून देतात.

```
INT. वसंतची गिरणी - दिवस

गिरणी चालू. पत्र्याची भिंत थरथरते.

@मंजिरी
(ओरडून)
बाबा, मेल आला!

वसंत वळतो. कानामागे हात धरतो.
```

शीर्षकाच्या वरखाली, नावाच्या वर आणि संवादाच्या खाली एक ओळ रिकामी सोडायची, नाव आणि संवादाच्या मध्ये मात्र सोडायची नाही. इतकं सांभाळलंत की पुरे.

कुठलाही प्रोग्रॅम घ्या, पूर्ण पटकथा त्यात ओतण्याआधी एक पान लिहून पीडीएफ काढा आणि त्यात ‘गिऱ्हाईक’, ‘सूर्य’, ‘क्षण’, ‘स्टार्टर’ असे जोडाक्षरांचे शब्द तपासा. पटकथेसाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी उत्तम दिसतं आणि ऱ्याचे दोन तुकडे पडतात, हे होऊ शकतं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहू नका, युनिकोडच वापरा. नाहीतर मित्राच्या मशिनवर तो फॉन्ट नसला की त्याला पानभर अगम्य चिन्हं दिसतील. पाठवताना पीडीएफ पाठवा, मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा.

मित्राला हा सीन पाठवण्याआधी एक गोष्ट त्याच्याशी बोलून ठरवा: खरी चालू गिरणी मिळणार आहे का, आणि नटाला ती चालवता येईल का. झडप आणि बटणाचा क्रम मंजिरीचं काम करणारीला गिरणीवाल्याकडून शिकावा लागेल. ज्यांची गिरणी घ्याल त्यांच्याशेजारी तुम्ही स्वतः तासभर बसा आणि त्यांचे हात बघा. मी लिहिलेलं त्यांच्या गिरणीला लागू पडत नसेल, तर त्यांचे हात करतात तसं लिहा.